साखरपुड्याची अंगठी: लॅब-ग्रोन की खाणीतला हिरा? नागपुरात चौकशी केली त्याचा हिशेब

धाकट्या भावाचा साखरपुडा डिसेंबर २०२५ मध्ये करायचं ठरलं आणि अंगठीची जबाबदारी माझ्याकडे आली. बजेट जास्तीत जास्त दोन लाख. होणाऱ्या सुनेला एकच खडा असलेली साधी अंगठी हवी होती. आईचं म्हणणं होतं की हिरा घ्यायचा तर खरा घ्या, उद्या मोड तरी येईल. भावाचं म्हणणं, लॅबमधलाही खराच असतो आणि तिप्पट स्वस्त पडतो. दोघांचंही अर्धंच बरोबर निघालं. म्हणून तारखा आणि आकडे जसेच्या तसे लिहून ठेवतो आहे. भाव नोव्हेंबर २०२५ चे आणि आम्हाला सांगितलेले आहेत. तुमच्या वेळी ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

दिवाळीच्या तोंडावर सोनं कडाडलं होतं, म्हणून तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबलो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इतवारीच्या सराफा ओळीतली आणि धरमपेठ-सीताबर्डीची काही दुकानं पाहिली. जायच्या आधी तुलना कशाची करायची ते पक्कं केलं, आणि त्याचा फार उपयोग झाला. प्रत्येक दुकानदार आपल्याकडचा खडा पुढे करतो. एकीकडे ५० सेंट पाहिला, दुसरीकडे ८० सेंट, तिसरीकडे रंगच वेगळा, तर मग कशाचीच तुलना होत नाही. आम्ही सगळीकडे एकच मागणी केली: गोल, ७० सेंटच्या आसपास, रंग एफ किंवा जी म्हणजे जवळजवळ रंगहीन, शुद्धता व्हीएस म्हणजे भिंगातूनच दिसतील एवढे बारीक दोष, कट-पॉलिश-सिमेट्री तिन्ही एक्सलंट. १०० सेंट म्हणजे एक कॅरट, आणि एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. सत्तर सेंटचा चांगला कापलेला गोल हिरा साधारण ५.७ मिलिमीटर व्यासाचा असतो.

७० सेंट हा आकडाही विचार करूनच धरला होता. खाणीतल्या हिऱ्याचा कॅरटमागचा भाव वजनासोबत सरळ रेषेत वाढत नाही, तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो. ५० सेंट, ७० सेंट, ९० सेंट आणि एक कॅरट हे ते टप्पे. ९६ सेंटच्या आणि एक कॅरटच्या हिऱ्यात डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण भावात बराच असतो. व्यापारी दर आठवड्याला निघणाऱ्या रॅपापोर्टच्या भावपत्रकावर बोलतात, त्यालाच ते 'रॅप' म्हणतात. 'तीस बॅक' म्हणजे त्या भावाच्या तीस टक्के खाली. गिऱ्हाईकाला हे पत्रक सहसा दाखवत नाहीत. तरी 'हा रॅपच्या किती बॅक पडतो?' असं विचारलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

पहिल्याच दुकानात एक गंमत पाहिली. सेल्समनने पेनासारखं टेस्टर खड्याला टेकवलं, ते वाजलं, आणि तो म्हणाला, "पाहा भाऊ, असली आहे." ते टेस्टर खडा उष्णता किती भराभर वाहून नेतो तेवढंच मोजतं. लॅब-ग्रोन हिराही शुद्ध कार्बनच, रचनाही तीच, म्हणून तिथेही ते वाजणारच. अमेरिकन डायमंड त्यात पकडला जातो, पण मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा अनेकदा निसटतो. खाण की लॅब हा प्रश्न त्या पेनाने सुटत नाही, भिंगानेही सुटत नाही. त्यासाठी वेगळं स्क्रीनिंग मशीन लागतं. हिरे तपासून रिपोर्ट देणाऱ्या जीआयए या संस्थेचं आयडी-१०० हे त्यातलं एक. त्याचं टोक खड्याला लावलं की दोनेक सेकंदांत Pass किंवा Refer असं उत्तर येतं. Pass म्हणजे खाणीतला. Refer म्हणजे नक्की सांगता येत नाही, लॅबकडे पाठवा. Refer आलं म्हणजे फसवणूक झाली असं नाही, कारण मशीन नायट्रोजनमुळे येणारी खूण शोधतं, काही नैसर्गिक हिऱ्यांतही नायट्रोजन जवळपास नसतो आणि ते Refer दाखवतात. खाणीतला घेणार असाल तर दुकानात असं मशीन आहे का ते विचारा आणि आपला खडा आपल्यासमोर लावून घ्या.

आता भाव. खाणीतला ७० सेंट, जी, व्हीएस-२, जीआयएच्या रिपोर्टसह: १,५५,००० रुपये. लॅब-ग्रोन ७२ सेंट, एफ, व्हीएस-१, आयजीआय या दुसऱ्या तपासणी संस्थेच्या रिपोर्टसह: २१,०००. अंगठी दोन्हीला एकच, १८ कॅरट सोन्याची, निव्वळ वजन ३.६ ग्रॅम. सोन्याचा दर ग्रॅमला ९,२०० धरला तर सोनं ३३,१२० रुपयांचं. घडणावळ १५ टक्के, म्हणजे ४,९६८. या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी आणि हॉलमार्किंगचे करासकट ५३ रुपये. खाणीतल्या हिऱ्याची अंगठी १,९८,९३४ ला पडत होती, लॅबची ६०,९१४ ला.

खड्याच्या भावात सातपटीपेक्षा जास्त फरक असताना अंगठीच्या किमतीत तो सव्वातीनपटच उरतो, कारण सोनं आणि घडणावळ दोन्हीकडे सारखीच. लॅब-ग्रोनच्या जाहिराती खड्याचा भाव दाखवतात, बिल अंगठीचं होतं. (१,९८,९३४ हा आकडा दोन लाखांच्या जेमतेम आत बसला, हे दुकानदारानेही बरोबर हेरलं होतं. दोन लाखांवर गेलं की पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीत घेता येत नाहीत. पॅन सोबत ठेवा म्हणजे किंमत ओढूनताणून बसवायची वेळच येत नाही.)

आईचा मोडीचा मुद्दा आम्ही प्रत्येक काउंटरवर काढला. खाणीतल्या हिऱ्याला, त्याच दुकानात, मूळ बिल आणि रिपोर्ट असेल तर ८० टक्के रोख परत किंवा ९० टक्के एक्स्चेंज, असं उत्तर मिळालं. एक्स्चेंज म्हणजे पैसे मिळत नाहीत, तेवढ्याचा दुसरा दागिना घ्यावा लागतो. हे दोन शब्द बोलताना सर्रास एकत्र येतात, म्हणून वेगळे करून विचारा. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ८० टक्के कशाचे? बिलाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बिलाची किंमत किंवा त्या दिवसाचा भाव, यातली जी कमी असेल तिचे. म्हणजे भाव वाढला तर वाढ दुकानाची, उतरला तर उतार आपला. नैसर्गिक हिऱ्यांचे भावही २०२२ नंतर बरेच उतरले आहेत, त्यामुळे 'हिरा कधी पडत नाही' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

बाहेर विकला तर काय, तेही विचारलं. दुसऱ्या सराफाने रिपोर्ट पाहून बिलाच्या साधारण ५५ टक्क्यांची तयारी दाखवली, तीही 'गिऱ्हाईक असेल तर'. यात लबाडी नाही. त्याला तोच खडा मुंबई-सुरतेहून घाऊक भावात, उधारीवर मिळतो. आपल्याकडून रोखीने घ्यायचा तर त्याहून खालीच घेणार.

लॅब-ग्रोनला बहुतेक ठिकाणी सरळ उत्तर मिळालं: सोन्याचे त्या दिवसाच्या दराने देऊ, खड्याचे काही नाही. कारण साधं आहे. सीव्हीडी यंत्रात, म्हणजे वायूतून कार्बनचे थर साचवून हिरा वाढवणाऱ्या यंत्रात, असा खडा काही आठवड्यांत तयार होतो, सुरतेत आणि चीनमध्ये यंत्रं वाढतच गेली, आणि उद्या तोच खडा आजच्यापेक्षा स्वस्त मिळेल असं व्यापाऱ्याला वाटत असेल तर तो जुना कशाला घेईल? डी बीअर्स या हिऱ्यांच्या मोठ्या कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅब-ग्रोन विकायला काढले तेव्हा भाव कॅरटला ८०० डॉलर ठेवला होता. भाव घसरत गेले आणि मे २०२५ मध्ये त्यांनी तो ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

एवढं ऐकून आईची बाजू जिंकल्यासारखी वाटत होती. मग घरी कागदावर टक्के बाजूला ठेवून रुपये मांडले. सोन्याचा दर आहे तसाच राहिला असं धरू. खाणीतली अंगठी त्याच दुकानात परत दिली तर खड्याचे १,२४,००० आणि सोन्याचे ३३,१२०, म्हणजे १,५७,१२० हातात. नुकसान ४१,८१४. बाहेर विकली तर खड्याचे ८५,२५०, सोनं धरून १,१८,३७०, नुकसान ८०,५६४. लॅबची अंगठी मोडली तर खड्याचा शून्य धरूनही सोन्याचे ३३,१२० येतात, नुकसान २७,७९४. ज्या हिऱ्याला 'मोडच नाही' त्यात बुडणारे पैसे कमी आहेत, कारण मुळात लावलेच कमी. शिवाय १,३८,००० रुपये अंगठीत अडकत नाहीत.

हे गणित लॅब-ग्रोन स्वस्तात घेतला तरच खरं ठरतं, आणि लोक नेमके इथेच फसतात. एका चकचकीत शोरूममध्ये तसाच ७२ सेंटचा, त्याच आयजीआय रिपोर्टचा खडा ४२,००० ला सांगितला. वर '८० टक्के बायबॅक'. ऐकायला छान वाटतं. नीट पाहिलं तर २१,००० च्या खड्यावर आपण आणखी २१,००० त्यांच्याकडे ठेवतो आहोत आणि दुकान टिकलं, धोरण टिकलं, तर खड्याचे ३३,६०० परत मिळतील. टिकलं तर तोटा ८,४०० चा, नाही तर पूर्ण ४२,००० चा. काही वर्षांपूर्वी सुरू झालेल्या दुकानाच्या दहा वर्षांनंतरच्या शब्दावर एवढे पैसे ठेवायचे की नाहीत हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही ठेवले नाहीत. लॅब-ग्रोनमध्ये बायबॅकच्या टक्क्याला भुलू नका. आधी खड्याचा सुटा भाव, सेंट आणि ग्रेड सांगून, दोन-तीन ठिकाणी विचारा. दुपटीचा फरक आम्हाला एकाच शहरात, एकाच आठवड्यात दिसला.

मोठा खडा घेण्याचा मोहही इथेच होतो. लॅबमध्ये एक कॅरट ३२,००० ला होता. दोन लाखांचं बजेट घेऊन गेलेला माणूस मग दोन-तीन कॅरटकडे सरकतो आणि शून्य मोडीच्या खड्यावर दीड लाख लावून बसतो. तसं केलं तर वरचा सगळा हिशेब उलटतो.

सर्टिफिकेटचं प्रकरण मात्र दोन्हीकडे वेगळं आहे. खाणीतल्या हिऱ्याला बाजार जीआयएला सगळ्यात जास्त मानतो. आयजीआयच्या रिपोर्टचा नैसर्गिक हिरा त्याच ग्रेडला थोडा स्वस्त मिळतो, आणि विकतानाही तसाच मोजला जातो. लॅब-ग्रोनला मात्र रिपोर्ट बहुतेक आयजीआयचाच असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून जीआयए लॅब-ग्रोनला डी-ई-एफ, व्हीव्हीएस-व्हीएस असे रंग-शुद्धतेचे ग्रेड देतच नाही, फक्त 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड' असं मूल्यांकन देते. कोणी आज जीआयएचा लॅब-ग्रोन रिपोर्ट 'एफ, व्हीएस-१' म्हणून दाखवत असेल तर तारीख पाहा, तो जुना असेल. एक लक्षात असू द्या: दोन्ही संस्थांच्या ग्रेडिंग रिपोर्टवर किंमत नसते. दुकानाच्या स्वतःच्या कार्डावर किंमत छापलेली असली तर तो दुकानाचाच कागद.

रिपोर्टचा नंबर हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, सहसा लेसरने कोरलेला असतो. लॅब-ग्रोनचा आयजीआय नंबर LG ने सुरू होतो आणि सोबत LABGROWN असंही कोरलेलं असतं. नंबर gia.edu किंवा igi.org वर टाकला की मूळ रिपोर्ट उघडतो. पण तेवढ्यावर थांबू नका. खऱ्या जीआयए रिपोर्टचा नंबर लॅब-ग्रोन खड्यावर कोरून तो खाणीतला म्हणून खपवल्याचे प्रकार जीआयएच्या तपासणीत उघड झाले आहेत. म्हणून सुटा खडा आपल्यासमोर कॅरटच्या काट्यावर ठेवायला सांगा आणि गेजने व्यास-उंची मोजून घ्या. वजन सेंटपर्यंत आणि माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत रिपोर्टशी जुळलं पाहिजे. सारख्या वजनाचा दुसरा खडा शोधणं सोपं असतं, पण त्याचं वजन, तिन्ही मापं आणि आतल्या खुणा हे सगळं जुळवणं अवघड.

हे सगळं खडा अंगठीत बसवण्याआधी करायचं. बसवल्यावर वजन करता येत नाही, आणि कोरलेला नंबर नेमका पकडीच्या दाताखाली जाऊ शकतो. आम्ही कारागिराला आधीच सांगितलं होतं की नंबर दोन दातांच्या मधल्या फटीत यायला हवा. दहापट भिंगात अंगठी आडवी धरून हळूहळू फिरवली की राखाडी, केसासारखी बारीक अक्षरं सरकत येतात. पहिल्यांदा सापडत नाहीत. उजेड बाजूने पडला की लगेच दिसतात.

आयजीआयच्या लॅब-ग्रोन रिपोर्टवर खालच्या शेऱ्याची ओळ वाचा. त्यात खडा सीव्हीडी पद्धतीचा की एचपीएचटीचा, म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णतेत वाढवलेला, आणि वाढवल्यानंतर त्यावर प्रक्रिया झालेली असू शकते का, हे लिहिलेलं असतं. प्रक्रिया झाली म्हणजे खडा वाईट असं नाही. सीव्हीडीचे बरेच खडे मुळात तपकिरी येतात आणि उष्णता-दाब देऊन त्यांचा रंग काढतात. मात्र रंगाचा ग्रेड एफ असूनही हलकी तपकिरी किंवा करडी झाक, किंवा दुधाळपणा राहू शकतो, आणि तो ग्रेडवरून कळत नाही. एचपीएचटीत कधी निळसर झाक दिसते. व्यापारी याला 'बीजीएम' म्हणतात: ब्राउन, ग्रीन, मिल्की. 'नो बीजीएम' हवा असं आधीच सांगा. पारख शोरूमच्या दिव्यांखाली होत नाही, तिथे काचसुद्धा चमकते. खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा, टोक वर करून ठेवा आणि दुकानाच्या दारात, सावलीतल्या उजेडात पाहा. दोन खडे शेजारी ठेवले तर झाक लगेच कळते. आम्हाला दाखवलेल्या तीन खड्यांपैकी एक असाच होता: आरपार पाहिलं तर धुक्यातून पाहिल्यासारखं. कागदावर तिन्ही एकाच ग्रेडचे होते.

बाजूला बारीक हिरे लावलेल्या अंगठ्या आम्ही पहिल्या दिवशीच बाद केल्या. त्या बारक्या खड्यांना वेगवेगळे रिपोर्ट नसतात, खाणीतल्यांत लॅबचे मिसळले तर ओळखणं कठीण, आणि मोडताना त्यांचे पैसे जवळपास मिळतच नाहीत.

८ नोव्हेंबरला, शनिवारी, लॅब-ग्रोन ७२ सेंटची ऑर्डर दिली. अर्धी रक्कम आगाऊ देऊन सोन्याचा दर बांधून घेतला आणि तो दर ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून घेतला. आईची समजूत हिशेबाने पटली नव्हती खरं तर. उरलेल्या पैशांत भावजयीला सोन्याच्या बांगड्या घेऊ म्हटल्यावर पटली. मोड हवी असेल तर ती सोन्यात ठेवावी, हे तिचंच म्हणणं शेवटी मान्य झालं.

आठ-दहा दिवसांत देतो म्हणाले होते. कास्टिंगनंतर हॉलमार्किंगला गेलेली अंगठी यायला वेळ लागला आणि ताबा २४ नोव्हेंबरला मिळाला. लग्नसराईत तीन आठवडे हाताशी ठेवा. ताबा घेताना सोन्याची खूण पाहायची: बीआयएसचं चिन्ह, 18K750 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा दागिन्याचा ओळख क्रमांक. तो BIS Care ॲपमध्ये टाकला की सराफाची नोंदणी, हॉलमार्किंग केंद्र आणि शुद्धता दिसते. हा हॉलमार्क फक्त सोन्याचा असतो, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. काही सेल्समन 'हॉलमार्क डायमंड' असा शब्द बिनधास्त वापरतात, तो कानाआड करा.

बिलावर आमची एक हुज्जत झाली. अंगठी काट्यावर ३.७४ ग्रॅम भरली आणि बिलात सोनं तेवढंच लावलं होतं. ७२ सेंट म्हणजे ०.१४ ग्रॅम हिऱ्याचे, ते वजा व्हायला हवेत. तेवढ्याचे सोन्याच्या दराने जवळजवळ १,२९० रुपये होतात, वर घडणावळ आणि जीएसटी. दाखवल्यावर निमूट दुरुस्त केलं. बिलात एकूण वजन, निव्वळ सोनं, हिऱ्याचं वजन आणि भाव, घडणावळ, जीएसटी हे सगळं वेगवेगळ्या ओळींत घ्या. हिऱ्याच्या ओळीत 'लॅब-ग्रोन डायमंड' असं पूर्ण आणि शेजारी रिपोर्टचा नंबर लिहून घ्या. खाणीतला घेतला तर 'नॅचरल' हा शब्द हवाच. बिलावर नुसतं 'डायमंड' किंवा 'एलजीडी' असेल तर पुढे वाद झाला की तुमच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

अंगठीचे दात सहा महिन्यांनी तपासून देऊ असं दुकानाने सांगितलं आहे, फुकट. खडा हलतो का ते घरीही कळतं: अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा, किणकिण ऐकू आली तर घालणं थांबवून दुकानात न्या.